नोकरीची हमी देणारा कोर्स: फी भरण्याआधी त्यांचा मागचा हिशेब कसा तपासायचा

प्रश्न: सर, माझी लहान बहीण यंदा बी.एस्सी. झाली. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी पाच एकर वावर आहे. तिला एका ऑनलाइन कोर्सचा फोन येतो आहे. सहा महिन्यांचा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स, फी ७२ हजार अधिक जीएसटी, पण हप्त्यांनी भरता येते. "शंभर टक्के नोकरीची हमी, नाही लागली तर पैसे परत" असं ते लेखी देतात. वेबसाइटवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो आहेत, सरकारी नोंदणीचे कागदही आहेत. फोन करणाऱ्या मॅडम म्हणतात आज रात्रीपर्यंत सीट बुक केली तर दहा हजारांची सूट. बाबा तयार आहेत. हे खरं की खोटं, घरी बसून कसं तपासायचं?

उत्तर:

आज रात्री काही करू नका. ती दहा हजारांची सूट पुढच्या आठवड्यातही मिळते, कदाचित वाढूनच मिळते. मी १९ वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मुलांच्या नोकऱ्यांचं काम बघतो. "आज शेवटची तारीख" म्हणून गेलेला कोर्स दुसऱ्या दिवशी बंद झालेला मी एकदाही पाहिला नाही. विशेषतः तुमच्या बाबांच्या मोबाइलवर येणारा कुठलाही ओटीपी त्या मॅडमना सांगू नका. तो सीट बुक करण्याचा ओटीपी नसतो, बहुतेक वेळा कर्जाच्या करारावर सही करण्याचा असतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. आर्णी तालुक्यातल्या गावची, बी.एस्सी. झालेली, वडील कास्तकार. कोर्स जवळजवळ तुम्ही लिहिला तोच आणि फीही तीच. आम्ही दोघांनी संगणकासमोर बसून एका दुपारी त्या संस्थेची तपासणी केली. जे जसं केलं तसंच सांगतो, म्हणजे तुम्हालाही घरी करता येईल. मोबाइल आणि तीन-चार तास एवढंच लागतं.

सुरुवात सरकारी नोंदणीच्या कागदांपासून करू, कारण घरातली वडीलधारी माणसं त्या कागदांवरच विश्वास टाकतात. त्या संस्थेच्या वेबसाइटवर खाली चार शिक्के होते. कंपनी नोंदणी, उद्यम नोंदणी, आयएसओ आणि स्टार्टअप इंडिया. चारही खरे असू शकतात, पण त्यातला एकही शिक्का शिकवणं कसं आहे किंवा नोकऱ्या लागतात का, हे तपासून दिला जात नाही. उद्यम नोंदणी फुकट असते, ती आपण स्वतःच माहिती भरून करतो आणि गावातल्या पिठाच्या गिरणीलाही ती मिळते. आयएसओचं प्रमाणपत्र खाजगी संस्था देतात आणि ते कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं. कौशल्य प्रशिक्षणाच्या बाबतीत खरा अर्थ असलेली मान्यता एनसीव्हीईटी या राष्ट्रीय परिषदेची. तिनं मान्य केलेले अभ्यासक्रम nqr.gov.in वर सापडतात. तिथं कोर्सचं नाव आणि तो देणारी संस्था दोन्ही दिसली पाहिजेत. पण ही मान्यताही अभ्यासक्रमाची असते, नोकरीची नसते.

त्या शिक्क्यांमधला कंपनी नोंदणीचा कागद मात्र फार कामाचा आहे. त्यावर सीआयएन नावाचा २१ अक्षरांचा क्रमांक असतो. संस्थेनं तो वेबसाइटवर टाकला नसेल तर मागून घ्या. त्या क्रमांकाचं रूप असं असतं:

```
U85499KA2024PTC######
```

पहिल्या U चा अर्थ कंपनी शेअर बाजारात नाही. पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार सांगतात, ८५ पासून सुरू होत असेल तर शिक्षण. मग राज्य, इथं कर्नाटक. त्यानंतरचे चार अंक म्हणजे कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष. म्हणजे कुठलीही वेबसाइट न उघडता नुसत्या क्रमांकावरून कंपनीचं वय कळतं. आम्ही तपासलेल्या संस्थेचा क्रमांक mca.gov.in वर टाकला. त्यासाठी लॉगिन करून "View Company or LLP Master Data" या पानावर जावं लागतं. तिथं दिसलं की कंपनी स्थापन होऊन १४ महिने झाले होते, भरणा झालेलं भांडवल १ लाख रुपये होतं आणि एकही ताळेबंद अजून सादर झालेला नव्हता.

आता हे जाहिरातीच्या शेजारी ठेवा. जाहिरातीत लिहिलं होतं, "१२,००० हून अधिक विद्यार्थी घडवले." मी तिला म्हटलं, गुणाकार कर. १२,००० गुणिले ७२,००० म्हणजे ८६ कोटी ४० लाख. १४ महिन्यांत एवढी फी जमा करणाऱ्या कंपनीचा पत्ता एका निवासी इमारतीतला फ्लॅट असतो का? एक तर विद्यार्थ्यांचा आकडा खोटा, नाहीतर पाच रुपयांच्या वेबिनारला ज्यांनी नाव नोंदवलं ते सगळे "घडवलेले" म्हणून मोजलेले. कंपनी जुनी असेल तर त्याच संकेतस्थळावर साधारण शंभर रुपये शुल्क भरून तिचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं उतरवून घेता येतात. त्यात वर्षाचं उत्पन्न असतं. उत्पन्नाला फीनं भागलं की खरे विद्यार्थी किती असतील याचा अंदाज येतो.

कंपनी नवी आहे म्हणजे फसवीच आहे, असं मी म्हणत नाही. पण जिची एकच बॅच पूर्ण झालेली आहे तिच्याकडे मागचा हिशेब असूच शकत नाही, आणि जो नाही त्यावर हमी देता येत नाही. यासोबत आणखी एक गोष्ट दोन मिनिटांत होते. web.archive.org वर त्या वेबसाइटचा पत्ता टाका. ती पूर्वी कशी दिसत होती याची जुनी पानं तिथं बऱ्याचदा साठलेली असतात. आम्हाला आठ महिन्यांपूर्वीचं पान सापडलं. नोकरी लागलेल्यांचे तेच फोटो होते, पण तेव्हा ती मुलं डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून लागलेली होती. आठ महिन्यांत तीच मुलं डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकून लागल्याचं झालं होतं.

मग आम्ही खरं काम सुरू केलं, फोटोंमधल्या माणसांचा शोध. वेबसाइटवर ३४ चेहरे होते. प्रत्येकाखाली नाव, कंपनीचं बोधचिन्ह आणि पगाराचा आकडा. आधी प्रत्येक फोटो गूगल लेन्सनं शोधला. पाच फोटो विकत मिळणाऱ्या छायाचित्रांच्या साइटवरचे निघाले. उरलेल्या २९ नावांचा लिंक्डइनवर शोध घेतला, नाव आणि कंपनी जोडून. ११ जण सापडलेच नाहीत. न सापडणं म्हणजे खोटं असं समजू नका, आपल्याकडची किती तरी मुलं लिंक्डइनवर नसतात. १८ जण सापडले.

या १८ जणांच्या बाबतीत एकच गोष्ट बघायची, तारीख. लिंक्डइनवर नोकरी कोणत्या महिन्यात सुरू झाली ते असतं आणि बहुतेक जण कोर्सचं प्रमाणपत्रही महिन्यासकट टाकतात. दोन तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट उघडी पडते. १८ पैकी सात जण कोर्सच्या आधीपासूनच त्याच कंपनीत नोकरीला होते. त्यांनी नोकरी करता करता कोर्स केला, आणि संस्थेनं त्यांच्या कंपनीचं बोधचिन्ह आपल्या भिंतीवर लावलं. चार जणांना त्याच संस्थेनं कामावर घेतलं होतं, हुद्दा "करिअर अ‍ॅडव्हायझर". म्हणजे जशा तुम्हाला फोन करणाऱ्या मॅडम आहेत, तशीच ही मुलं कोर्स विकायला बसवलेली. तीन जणांची तीन महिन्यांची इंटर्नशिप होती आणि त्यापुढे रिकामं. कोर्स संपल्यावर खरोखर नवी नोकरी लागलेले चार. त्या चारांपैकी तिघे पुणे आणि बंगळुरूचे अभियंते होते.

चार ही संख्या वाईट नाही. पण ती मुलगी आर्णीजवळच्या गावातून, मराठी माध्यमातून, बी.एस्सी. करून आलेली. तिच्यासारखं त्यात कोणीच नव्हतं. म्हणून मी नेहमी सांगतो की "किती जणांना नोकरी लागली" यापेक्षा "माझ्यासारख्या किती जणांना लागली" हे शोधा. तुमच्या बहिणीसाठी त्याचा अर्थ असा: बिगर-अभियांत्रिकी पदवी, शहराबाहेरचं महाविद्यालय, कामाचा अनुभव नाही. असे दोन-तीन जण सापडले तरी मी त्या संस्थेकडे गांभीर्यानं बघेन.

सापडलेल्यांना मेसेज करा. संस्था ज्यांचे नंबर देते त्यांच्याशी बोलण्यात काही हशील नाही, ते निवडून ठेवलेले असतात. आपण शोधलेल्या दहा जणांना लिहिलं तर तीन-चार जण उत्तर देतातच. आपल्या भागातल्या मुलीला मदत करायला लोक तयार असतात, हा माझा अनुभव आहे. त्यांना कोर्स चांगला आहे का असं विचारू नका, सगळे "ठीक आहे" म्हणतात. मुलाखत संस्थेनं लावून दिली की स्वतः शोधली, ते विचारा. बॅच सुरू झाली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती जण होते आणि आज त्यातले किती कामाला लागले, ते विचारा. आणि त्यांच्या ओळखीत कोणी पैसे परत मागितले का, मागितले तर मिळाले का, हे आवर्जून विचारा. आमच्या विद्यार्थिनीला ज्या तिघांनी उत्तर दिलं त्यातल्या एकानं कळवलं की ग्रुपवर १४० जण होते, शेवटच्या महिन्यात वर्गाला २५ यायचे, आणि पैसे परत मिळालेला एकही त्याला माहीत नाही.

इथून "शंभर टक्के" या शब्दाकडे येतो. हा आकडा पुष्कळदा गणितानं खरा असतो. समजा १०० जणांनी प्रवेश घेतला. ६० जणांनी कोर्स पूर्ण केला. संस्थेच्या अटींप्रमाणे त्यातले २० "पात्र" ठरले आणि त्या २० जणांना काही ना काही काम मिळालं. २० पैकी २० म्हणजे शंभर टक्के. पण फी १०० जणांनी भरली होती. तुमच्या बाबांच्या बाजूनं हिशेब केला तर तो २० टक्के आहे. म्हणून टक्केवारी कधीच विचारू नका. प्रवेश किती, पूर्ण किती, पात्र किती आणि नोकरी किती, हे चार आकडे एकाच पूर्ण झालेल्या बॅचचे मागा.

पात्र कोण हे हमीच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. त्या अटी वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत, इंग्रजीत असतात. तुम्ही लिहिलं की ते "लेखी देतात". ते लेखी काय देतात ते वाचा, सगळी भानगड तिथंच आहे. आम्ही ज्या वाचल्या त्यात दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत किमान ६० टक्के गुण हवेत असं लिहिलं होतं. आमच्या मुलीला बारावीला ५६ टक्के होते. म्हणजे पहिल्याच दिवसापासून तिला हमी लागूच नव्हती. फोनवरच्या मॅडमनी सहा वेळा फोन केला, वडिलांचं उत्पन्न विचारलं, बँकेचं खातं विचारलं, पण बारावीचे गुण एकदाही विचारले नाहीत. हे वाचल्यावर ती बराच वेळ गप्प बसली होती.

बाकीच्या अटीही बघा. थेट वर्गांना ९० टक्के हजेरी. वर्ग रात्री आठ ते दहा, आणि आपल्याकडे लाइन नेमकी त्याच वेळी जाते, टॉवर असला तर असतो. दर दहा वर्गांमागे एकाहून जास्त बुडाला की ९० टक्के गेले. संस्था पाठवील त्या प्रत्येक मुलाखतीला हजर राहायचं, भारतात कुठंही रुजू व्हायचं, एक जरी नाकारली तरी हमी संपली. मग सगळ्यात महत्त्वाची ओळ, "नोकरी" या शब्दाची व्याख्या. तिथं लिहिलं होतं की पूर्णवेळ, अर्धवेळ, कंत्राटी काम किंवा दरमहा १० हजार रुपये विद्यावेतनाची इंटर्नशिप यातलं काहीही देऊ केलं की संस्थेची जबाबदारी पूर्ण झाली. गुरुग्रामला दहा हजारांवर तीन महिन्यांसाठी कोण पोरगी पाठवणार? ती नाही म्हणाली की हमी मोडली, आणि मोडली तिच्या बाजूनं.

समजा या सगळ्यांतून ती पार पडली आणि नोकरी लागली नाही. तरी पैसे कधी आणि किती परत मिळणार, ते मोजू. फी ७२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६०, एकूण ८४,९६०. बारा हप्ते केले तर महिना ७,०८० रुपये, म्हणजे एका हप्त्याला साधारण एक क्विंटल कापूस. अटींप्रमाणे जीएसटी परत नाही, १०,००० नोंदणी शुल्क परत नाही. उरले ६२,०००. हा दावा कोर्स संपल्यावर १८० दिवसांनी करायचा, आणि तोही पुढच्या सात दिवसांतच, ठरावीक ईमेलवर. आठव्या दिवशी हक्क संपला. सहा महिने कोर्स आणि सहा महिने थांबणं, म्हणजे दावा करण्याचा दिवस उजाडेपर्यंत बाराही हप्ते भरून झालेले असतात. म्हणून मी या हमीला नोकरीची हमी म्हणत नाही. तो पैसे परतीचा करार आहे, आणि परतीचा दिवस अशा ठिकाणी ठेवलेला आहे की तिथपर्यंत फार थोडे पोचतील.

आता तो ओटीपी. "हप्त्यांनी भरा" म्हणजे संस्था तुम्हाला उधारी देते असं घरच्यांना वाटतं. तसं क्वचितच असतं. बहुतेक ठिकाणी एक वित्त कंपनी तुमच्या बाबांच्या नावावर कर्ज काढते, ती रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाते आणि हप्ते बाबांच्या खात्यातून आपोआप कापले जातात. संस्थेला तिचे पैसे सुरुवातीलाच मिळून गेले. बहिणीनं दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडला, शिकवणं बंद पडलं, संस्था गायब झाली, तरी वित्त कंपनी म्हणणार की आमचा करार तुमच्याशी आहे. हप्ता थांबवला की बाबांचा सिबिल खराब होतो आणि पुढं ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज मागायला गेलं की तो पुढ्यात येतो.

इथं रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम तुमच्या बाजूनं आहेत, फक्त ते वापरायला हवेत. कर्ज देणाऱ्याचं नाव, एकूण वार्षिक खर्चाचा दर, सगळी शुल्कं आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क असलेलं एक तपशीलपत्र करार होण्याआधी द्यावंच लागतं. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. ते मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्या पत्रात माघारीची मुदतही लिहिलेली असते, किमान एक दिवसाची. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. पण पैसे संस्थेकडे गेलेले असल्यामुळे मूळ रक्कम आणायची कुठून हा प्रश्न उरतोच, म्हणून संस्थेला आणि वित्त कंपनीला त्याच दिवशी एकत्र ईमेल टाकावा लागतो. वित्त कंपनीनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीनं कोर्स घेतला नाही. पण तिच्या वर्गातल्या उमरखेडच्या मुलानं तिच्या आधी दोन महिने तिथंच प्रवेश घेतला होता. त्याच्या घरी कर्ज आहे हे पहिला हप्ता कापला गेला तेव्हा कळलं. त्याचं काय झालं ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत फी भरून बसलेलेही असतील. त्याच्याकडे मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज होते. त्यातल्या एकात त्या स्पष्ट म्हणत होत्या, "गुणांची काही अट नाही." आणि लेखी अटींमध्ये ६० टक्क्यांची अट होती. त्यानं जाहिरातीचे स्क्रीनशॉट, ते व्हॉइस मेसेज, अटींचं पान आणि पैसे भरल्याची पावती एका ठिकाणी केली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हे कार्यालय न्याय देत नाही, संस्थेला तक्रार पाठवून तडजोड घडवून आणतं. तीन आठवड्यांनी संस्थेनं ४० हजार परत करायची तयारी दाखवली आणि त्यानं ती घेतली. पूर्ण पैसे हवे असते तर तो यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकला असता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, संस्था बंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वर घरूनही दाखल करता येते. वेळ मात्र जातो, महिने जातात. म्हणून त्यानं ४० हजार घेतले ते मला चूक वाटत नाही.

कोचिंगच्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. निवड किंवा नोकरीची खोटी हमी देणं त्यात मना आहे. १९१५ वर तक्रार लिहिताना या सूचनांचा उल्लेख जरूर करा.

एक वेगळा प्रकार थोडक्यात सांगतो, कारण खेड्यातल्या मुलांना तोही खूप येतो. आधी "निवड झाली" असा मेल येतो, मग प्रशिक्षणाचे, लॅपटॉपचे किंवा अनामत रकमेचे दोन-पाच हजार मागतात. तिथं मागचा हिशेब तपासायला काही नसतंच, ती सरळ चोरी असते. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० वर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

बहिणीला डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकायचंच असेल तर त्याचा पाया फुकटात होतो, आणि मी आधी तोच करायला सांगेन. swayam.gov.in वर आयआयटींच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे कोर्स विनाशुल्क आहेत, परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपयांच्या आसपास भरावे लागतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये काही धडे मराठीतूनही आहेत. तीन महिने एक्सेल आणि एसक्यूएल रोज दोन तास करून बघू द्या. आवडलं, जमलं, तर पैसे देऊन पुढचं शिकण्यात अर्थ आहे, आणि तेव्हा शिकवणाऱ्यात काही दम आहे का हेही तिचं तिलाच कळेल. आमची आर्णीची विद्यार्थिनी हेच करत होती. मग apprenticeshipindia.gov.in वरून तिला नागपूरच्या एका कंपनीत शिकाऊ उमेदवारी मिळाली. विद्यावेतन फार नाही, पण ते तिला मिळतं, तिच्या घरून जात नाही.

तुमच्या मॅडमना आता खालचा मजकूर ईमेलनं पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको आणि फोनवर तर नकोच, कारण ईमेलचं उत्तर पुढं पुरावा म्हणून वापरता येतं.

"आपल्या सगळ्यात अलीकडच्या पूर्ण झालेल्या बॅचमध्ये किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती जण हमीसाठी पात्र ठरले आणि किती जणांना सहा महिन्यांत पूर्णवेळ नोकरी लागली, ते कळवावे. आतापर्यंत किती जणांनी हमीपोटी पैसे परत मागितले व किती जणांना दिले, तेही कळवावे. माझ्या बहिणीचे दहावी, बारावी व पदवीचे गुण सोबत जोडले आहेत. ती हमीसाठी पात्र आहे का, हे लेखी कळवावे. आपला सीआयएन आणि कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचे नावही द्यावे."

मी हा मजकूर माझ्या मुलांकडून गेल्या काही वर्षांत बऱ्याच संस्थांना पाठवून घेतला आहे. बहुतेकांकडून ईमेलचं उत्तर येत नाही, त्याऐवजी फोन येतो आणि आवाज थोडा चढलेला असतो. एका संस्थेकडून मात्र दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रवेश ११०, पूर्ण ७४, नोकरी ३८, त्यातल्या पदवीधर पण अभियंता नसलेल्या मुलांपैकी ९ जणांना, आणि त्या नऊपैकी तिघांचे संपर्क त्यांच्या परवानगीनं सोबत दिलेले. हमी त्यांनी दिलीच नव्हती. तिघांशी आम्ही बोललो, सांगितलेलं जुळलं. त्या संस्थेत मी दोन विद्यार्थी पाठवले.